महामार्गावर टायरचा पट्टा सुटला: आधी काय जाणवलं होतं?

मीनल: भर उन्हात महामार्गावर मागच्या डाव्या टायरचा ट्रेड निघाला. टायर फुटला नाही, हवा शेवटपर्यंत होती. वरचा रबरी थर तेवढा तारांसकट सोलून निघाला आणि चाकाच्या कमानीवर आपटत राहिला. त्याआधी काही दिवस गाडी चाळीसच्या वेगातही डुलत होती. बॅलन्सिंग केलं, तरी डुलणं गेलं नाही. नक्षी तर भरपूर शिल्लक होती. ज्यांच्यावर असा प्रसंग आलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रसाद: उन्हाने आतली हवा तापून फुगते, म्हणून असं होतं. मी उन्हाळ्यात वाटेत थांबून थोडी हवा काढून टाकतो. कधी त्रास झाला नाही.

सदानंद: उष्णतेचं बरोबर आहे, पण उपाय उलटा आहे, प्रसाद. हवा कमी असली की टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो, आणि त्या दबण्या-उलगडण्यानेच रबर आतून तापतं. धावल्यावर हवा चार-सहा पीएसआय वाढणारच, ते धरूनच आकडा ठरवलेला असतो. मोजायची ती सकाळी, गाडी गार असताना. तापलेल्या टायरची हवा काढलीत तर गार झाल्यावर ती नेमकी कमी भरते.

मीनलताई, तुम्ही सांगितलेलं डुलणं हीच मोठी खूण. फक्त बॅलन्स बिघडलेलं चाक बहुधा वरच्या वेगात थरथरतं. ट्रेडखाली पोलादी तारांचे दोन पट्टे एकावर एक असतात. त्यांच्या कडांना ताण सर्वांत जास्त, म्हणून चीर बहुतेकदा तिथून सुरू होते. ती पसरली की टायर तिथे उचलला जातो, गोल राहत नाही, म्हणून हळू जातानाही गाडी हेलकावते. वजनं लावून ते कसं जाणार?

माझ्याकडे अशीच एक गाडी आली होती. हेलकावा मागून येत होता. मागचं-पुढचं चाक अदलाबदल केलं, तर तो स्टेअरिंगमध्ये आला. म्हणजे दोष त्या चाकातच. जॅकवर घेऊन ट्रेडजवळ पेन स्थिर धरला आणि चाक हाताने फिरवलं. एका जागी तळहाताएवढा भाग पेनला घासला. टायर रिमवरून उतरवला, तर बरोबर तिथेच जुनं पंक्चर होतं, बाहेरून नुसती दोरी घातलेली, आतून पॅच नाही. तिथून पाणी तारांपर्यंत गेलं होतं. तारा गंजल्या होत्या आणि रबर त्यांना सोडत होतं. बाहेरून पाहून कुणाला शंकाही आली नसती.

रेवती: माझ्या पुढच्या दोन्ही टायरांची आतली कड गुळगुळीत झालीये. हेच ना हे?

सदानंद: नाही, ते अलाइनमेंटचं काम दिसतंय. पण कडेला तारा दिसत असतील तर त्या टायरांवर महामार्गावर जाऊ नका.

हणमंत (ट्रक): आमच्याकडे मागे जोडचाकं. आतल्याची हवा उतरली तर लवकर कळत नाही, आणि त्याचा भार बाहेरच्यावर जातो. गाडीतला माल मापात असला तरी तो एक टायर ओव्हरलोडच. माझा बाहेरचा असाच गेला. आधी खालून धप्-धप् आवाज येत होता, मला वाटलं चिखल अडकलाय. आता थांबलो की सगळ्या चाकांना हाताचा मागचा भाग लावून पाहतो. एखादं शेजारच्यापेक्षा जास्त तापलेलं असलं की आधी हवा बघायची. रस्त्यावर पडलेले पट्टे सगळे रिमोल्डचेच असतात असं लोक म्हणतात, पण माझा कोरा कंपनीचा टायर होता.

अजय: माझी स्टेपनी गेली. गाडीबरोबर आलेली, जवळजवळ न वापरलेली. सामान भरून लांब निघालो, वाटेत ती लावली आणि ट्रेड सुटला. न वापरलेला टायर जुना कसा होईल, हे मला अजून पटत नाही.

सदानंद: हवेतला ऑक्सिजन रबरात शिरतच राहतो, टायर पडून असला तरी. उष्ण जागी ते लवकर होतं. बाजूवर DOT नंतरच्या ओळीतले शेवटचे चार आकडे बघा. 1815 म्हणजे 2015 चा अठरावा आठवडा.

अजय: मग किती वर्षांनी बदलायचा?

सदानंद: यावर एकमत नाही. काही वाहन कंपन्या सहा वर्षं सांगतात. काही टायर कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासा आणि दहाच्या पुढे वापरूच नका म्हणतात. माझं मत, उन्हात उभ्या असणाऱ्या आणि भार वाहणाऱ्या गाडीला सहा पुरे.

फिरोज: 2000 साली फायरस्टोनने अमेरिकेत सुमारे 65 लाख टायर परत मागवले, तेही ट्रेड सुटत असल्यामुळेच. बरेचसे फोर्ड एक्सप्लोररवर होते. फोर्डने 26 पीएसआय सांगितलं होतं, फायरस्टोनच्या मते ते कमी होतं. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

मीनल: उरलेले तीन आज पाहिले. सगळ्यांवर तोच आठवडा आहे. एकाच्या ट्रेडवर हात फिरवला की किंचित उंचवटा लागतो, पण गाडी अजून डुलत नाही. हा चालेल का?

सदानंद: नाही. गाडी हलवू नका, तिथेच स्टेपनी लावा. त्याआधी स्टेपनीचेही आकडे वाचा.