बाल्कनीत चवळी आणि कारल्याचा मांडव : 'आपली सोसायटी, हिरवी सोसायटी' ग्रुपवरची चर्चा

बी-५०३, प्रणाली: नमस्कार. आमची बाल्कनी सहा फूट रुंद, चार फूट खोल. रेलिंग साडेतीन फुटांचं, वर मोकळं. तोंड पश्चिमेला, दुपारी बारा-साडेबारापासून संध्याकाळपर्यंत ऊन. पाऊस सुरू व्हायच्या आत एक कारलं आणि थोडी वेलाची चवळी लावायची आहे. बाजारात हिरवी जाळी मिळते, तीच रेलिंगपासून छतापर्यंत ताणून बांधली तर चालेल ना?

सी-२०१, सावंत काकू: प्रणाली, ती बारीक भोकांची असेल तर अजिबात घेऊ नकोस. कबुतरांसाठी लावतात त्या जाळीत कारलं लहान असताना आत शिरतं आणि मोठं झालं की अडकतं. काढायला हात जात नाही. वेलासाठी चार ते सहा इंचांच्या चौकोनाची जाळी माग, नर्सरीत वेलाची जाळी म्हणून देतात. तुझी मूठ आरपार गेली पाहिजे, हीच परीक्षा.

आणि दोन्ही वेलांना एकच आधार देऊ नकोस. चवळीला ताणे नसतात, तिचं खोडच आधाराभोवती गुंडाळत वर जातं. तिला उभी, खरखरीत दोरी हवी. कारल्याचं खोड गुंडाळत नाही, त्याला ताणे फुटतात आणि ते बारीक वस्तूला धरतात. जाड बांबूला ताणा वेढा घालू शकत नाही, जाळीच्या धाग्याला लगेच घालतो. म्हणून सहा फुटांतले तीन फूट चवळीच्या दोऱ्यांना आणि तीन फूट कारल्याच्या जाळीला.

बी-५०३, प्रणाली: अच्छा! मग घरात नायलॉनची दोरी आहे, ती चवळीला?

सी-२०१, सावंत काकू: नको. गुळगुळीत नायलॉनवर चवळी चढते, पण शेंगा लागून वजन आलं आणि पावसाने ओली झाली की अख्खा वेल घसरून खाली बसतो. काथ्या घे. सुतळीही खरखरीत असते, पण सततच्या पावसात ती कुजते आणि ऐन शेंगांच्या वेळी तुटते. काथ्या जास्त टिकतो. शिवाय हंगाम संपला की वेल बुंध्याशी कापायचा, वाळू द्यायचा आणि काथ्यासकट कंपोस्टमध्ये टाकायचा. नायलॉनवरून वाळका वेल सोडवत बसणं हे पूर्ण दुपारचं काम.

ए-७०४, जोशी काका: दोऱ्या आणि जाळी नंतर. आधी सांगाडा. प्रणाली, छतापर्यंत जायचा विचार सोडून द्या.

लोक वेलाच्या वजनाला घाबरतात, पण खरा जोर वाऱ्याचा असतो. ताशी ५० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब एका चौरस मीटरवर साधारण १२ किलो धरा. रेलिंगच्या वर साडेतीन फूट मांडव आणि सहा फूट रुंदी म्हणजे जवळपास दोन चौरस मीटर. पानांची भिंत घट्ट भरली तर २४ किलोंचा आडवा धक्का. पानं वाकतात, मधून वारा जातो, म्हणून प्रत्यक्षात कमी बसेल, पण बांधताना २४ धरूनच बांधायचं. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडूनच येतो आणि तुमची बाल्कनी बरोबर त्याच्या तोंडावर आहे.

म्हणून माझा हिशेब साधा आहे. रेलिंगच्या वर जेवढा बांबू, तेवढाच निदान खाली रेलिंगला बांधलेला हवा. साडेतीन खाली, साडेतीन वर, म्हणजे सात फुटी बांबू.

डी-६०२, मनोज: काका, वरचा भाग मग नुसता मोकळाच डुलणार?

ए-७०४, जोशी काका: नाही. दोन्ही उभ्या बांबूंच्या शेंड्यांवरून चार मिलिमीटरची नायलॉन दोरी मागे, घराच्या बाजूच्या भिंतीतल्या कपडे वाळवायच्या हुकाला तिरपी आणायची. ती बांबूला बाहेर पडू देत नाही. वाऱ्याने आत ढकललं तर रेलिंगच्या वरच्या पाइपावर भार येतो, म्हणून तिथली गाठ सगळ्यात पक्की हवी. बाहेरच्या कडेला स्लॅबमध्ये ड्रिल मारू नका. तिथलं प्लास्टर सुटलं की पाणी मुरतं आणि खालच्या मजल्यावर गळती सुरू होते.

सेक्रेटरी: काकांच्या शेवटच्या वाक्याला ठळक अक्षरांत वाचावे. तसेच मांडव रेलिंगच्या आतल्या बाजूलाच. बाहेर काहीही लोंबकळता कामा नये.

ए-७०४, जोशी काका: बरोबर. आता प्रत्यक्ष बांधणी.

सव्वा इंच जाडीचे सात फुटी दोन बांबू, उभे. एक इंच जाडीचे सहा फुटी दोन, आडवे. बांबू वाळलेला घ्या. हिरवा घेतलात तर वाळताना तो आकसतो आणि आज घट्ट वाटलेली गाठ महिन्याभरात सैल होते. खिळा मारू नका, बांबू उभा चिरतो. उभे बांबू रेलिंगच्या दोन टोकांना, आतून. खालचं टोक कुंडीतल्या मातीत खोचायचं नाही, ओल्या मातीत ते एका पावसाळ्यात मऊ पडतं. विटेच्या तुकड्यावर टेकवा.

प्रत्येक बांबूला दोन गाठी, एक रेलिंगच्या अगदी खाली आणि एक सगळ्यात वरच्या पाइपाला. मध्येच एकमेकींना लागून चार गाठी मारल्यात तर त्यांचा उपयोग नाही, गाठींमधलं अंतर हेच बळ आहे. दोरीचे चार-पाच वेढे आधी बांबू आणि पाइप दोन्हींभोवती घ्या, मग त्या वेढ्यांच्या मधून, बांबू आणि पाइपाच्या फटीत, दोन वेढे आडवे ओढा. हे आडवे वेढे पहिल्यांना आवळतात. ते नसतील तर बांबू खाली सरकतो.

बी-१०२, कुलकर्णी: मध्येच विचारतो, आज टँकर आला का?

सेक्रेटरी: साडेचारला. कृपया हा विषय मेन ग्रुपवर.

ए-७०४, जोशी काका: आडवा एक बांबू शेंड्याशी. दुसरा जमिनीपासून एक फुटावर, कुंड्यांच्या काठाच्या थोडा वर. हा खालचा बांबू लोक गाळतात आणि दोरी थेट कुंडीच्या काठाला किंवा रोपाच्या बुंध्याला बांधतात. वाऱ्याने मांडव हलला की दोरी रोपाला उचकटते. कुंडी साफसफाईला सरकवलीत तरी तेच.

डी-६०२, मनोज: हे आमच्याकडे झालेलं दिसतंय. फोटो टाकतोय. दुपारी दुधीची पानं मरगळतात, माती ओली असते, तरी संध्याकाळी पूर्ण सावरत नाहीत. दोरी बुंध्यालाच बांधलेली आहे.

सी-२०१, सावंत काकू: मनोज, फोटोत बुंध्याला दोरीची खाच पडलेली दिसते आहे. खोड जाड होत गेलं, गाठ तेवढीच राहिली. दोरी हळूच कापून टाक, ओढू नकोस. खाचेच्या वर खोड फुगलं असेल तर तिथपर्यंत ओली माती चढव, दुधीला तिथून नवी मुळं फुटू शकतात. आणि पुढे कुठेही वेल बांधायचा तर आठच्या आकड्यासारखा फास घ्यायचा, एक वेढा आधाराला घट्ट, दुसरा खोडाला इतका सैल की आत बोट जाईल. सरकती गाठ कधीच नाही.

बी-५०३, प्रणाली: काकू, माझ्या चवळीच्या दोऱ्या किती आणि किती अंतरावर?

सी-२०१, सावंत काकू: तीन फुटांत चार दोऱ्या, साधारण नऊ-नऊ इंचांवर. खालच्या बांबूपासून वरच्यापर्यंत सहा फूट, गाठींना दीड फूट, म्हणजे एकीला साडेसात. चारांना मिळून तीस फूट काथ्या. प्रत्येक दोरीला दोन रोपं, त्याहून जास्त नको, नाहीतर आतली पानं पिवळी पडतात आणि मावा बसतो. दीड-दीड फुटाच्या दोन लांबट कुंड्या घे, निदान दहा इंच खोल. कारल्याला मात्र पंधरा बाय पंधरा इंचांची एक ग्रोबॅग स्वतंत्र.

रोप वीतभर झालं की शेंडा दोरीकडे वळव. वरून पाहिलं तर चवळी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने वळते. तू हौसेने दुसऱ्या दिशेला गुंडाळलीस तर ती दोन दिवसांत सुटून लोंबते. मग वाटतं वेलच कमजोर आहे.

ए-३०१, नीता ताई: चवळीऐवजी वाल लावला तर? आम्हाला वालच आवडतात.

सी-२०१, सावंत काकू: नीता, वेलाचा गावठी वाल दिवस लहान व्हायला लागल्याशिवाय फुलत नाही. जूनमध्ये लावलास तर चार-पाच महिने नुसती पानं, आणि तेवढ्यात तो पूर्ण बाल्कनी अंधारी करतो. या मापाच्या मांडवावर चवळीच बरी, दोन महिन्यांच्या आसपास शेंगा मिळायला लागतात.

बी-५०३, प्रणाली: आणि कारल्याची जाळी कशी अडकवू? कोपऱ्यांना बांधू?

ए-७०४, जोशी काका: चार कोपऱ्यांना बांधलीत तर सगळा ताण चार चौकोनांवर येतो, तिथले धागे तुटतात आणि मधे झोळ पडतो. वरचा आडवा बांबू बांधण्याआधीच जाळीच्या पहिल्या ओळीतल्या प्रत्येक चौकोनातून ओवून घ्या. खाली तसंच. मग दर दोन फुटांवर नायलॉनची एक दोरी चौकोनांतून आडवी ओवा. ती चवळीच्या बाजूपर्यंत नका नेऊ, जाळीच्या कडेला एक उभी नायलॉन दोरी ताणा आणि तिथे संपवा. नाहीतर कारलं त्या आडव्या दोऱ्यांवरून चवळीत घुसेल.

सी-२०१, सावंत काकू: घुसेलच! आणि जाळी रेलिंगला चिकटवू नको, तीन-चार इंच आत ठेव. तुझ्या लोखंडी रेलिंगवर दुपारचं ऊन पडलं की कोवळा शेंडा टेकताच करपतो. पाऊस लागेपर्यंत हे सांभाळावंच लागतं.

कारलं दीड फूट होईपर्यंत एकच खोड ठेव, खालचे फुटवे काढून टाक म्हणजे बुंध्याशी हवा खेळेल. त्यानंतर सात-आठ पानांवर शेंडा खुड. जे फुटवे येतील ते पंख्यासारखे आडवे पसरव, सरळ वर जाऊ देऊ नकोस. मादी फुलं फुटव्यांवर जास्त येतात आणि सरळ वर गेलेला वेल महिन्याभरात वरच्या बांबूवर गुंता करून बसतो. एकदा ताण्याने जाळी धरली की फुटवा हलवायचा नाही. ताणा मधोमध स्प्रिंगसारखा गुंडाळलेला असतो, वाऱ्याचा झटका तो झेलतो. तो तोडून तू सुतळीने बांधलंस तर फुटवा गाठीपाशी मोडतो.

डी-६०२, मनोज: काकू, मग या तीन फुटी जाळीवर दुधी चालेल का? कारलं घरात कोणी खात नाही.

ए-७०४, जोशी काका: वजनाचा प्रश्न नाही, एका वेळी तीन-चार दुधी जाळी सहज झेलेल. पण दुधीचं पान ताटाएवढं, वाऱ्याला तेच अडवतं. मी वर सांगितलेले २४ किलो दुधीला जवळपास पूर्ण लागू होतील.

सी-२०१, सावंत काकू: शिवाय दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं. सहाव्या मजल्यावर तेव्हा कोण किडा येणार? रोज दिवेलागणीला नर फूल तोडून मादी फुलावर तुलाच टेकवावं लागेल. कारल्याचं फूल सकाळी उमलतं, मधमाशी आली तर आली. मनोज, त्यापेक्षा काकडी लाव, हलकी असते.

डी-६०२, मनोज: काकडीच. जाळी चार इंची घेऊ की सहा?

सी-२०१, सावंत काकू: काकडीला सहा.