मदत हवी आहे: कुंडीतली माती कडेने सुटली, पाणी सरळ खाली जातं

मे महिन्यात आठ दिवस गावी होते. परत आले तर मोगऱ्याच्या बारा इंची कुंडीतलं मिश्रण आक्रसून कडेपासून बोटभर सुटलेलं. त्यात कोकोपीटच जास्त, थोडं गांडूळखत, माती जवळपास नाहीच. तांब्याभर पाणी घातलं की क्षणात ताटलीत उतरतं. वर ओलं दिसतं, पण मधे काडी खुपसली तर कोरडी ठणठणीत बाहेर येते. कुंडी उचलली तर अगदी हलकी.

काल टबात ठेवली, पाणी कुंडीच्या निम्म्यापर्यंत. आधी तरंगायलाच लागली, म्हणून वर वीट ठेवली. अर्धा तास बुडबुडे येत होते. आज कडा ओल्या आहेत, गाभा मात्र तसाच. काडीने चार-पाच भोकं पाडून पुन्हा बुडवणार आहे, पण मुळं तुटतील याची धास्ती वाटते.

बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायची, की रात्रभर चालेल? मुळं गुदमरणार नाहीत ना? बादलीभर पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकतात म्हणे. मोगऱ्यावर कुणी करून पाहिलंय का? आणि कडेची फट नुसत्या मातीने बुजवू, की सगळं भिजल्यावर मिश्रण आपोआप फुगेल? झाड आईने लावलेलं आहे, घालवायचं नाही.