मदत हवी आहे: पुरात जनावरं नेमकी कधी हलवायची?

वैरणवाला_शिरोळ
गाव शिरोळ तालुक्यात, पंचगंगेच्या काठाला. तीन म्हशी, दोन गायी, एक रेडकू. गोठा गावठाणापेक्षा उंच आहे, 2019 ला उंबऱ्याला पाणी लागलं, 2021 ला गव्हाणीपर्यंत आलं. उंचावरचं पाहुण्यांचं गाव 7 किलोमीटरवर. पाणी किती वर आलं की निघायचं? घरात यावर रोज वाद.

माळावरचा_बापू
एवढी घाई कशाला? दावी सोडून द्या. म्हैस पोहते, आपली आपण उंचावर जाते.

गोठा_आणि_गणित
बापू, म्हैस पोहते हे खरं, पण संथ पाण्यात. पुराच्या ओढीत ती उसाच्या फडात नाहीतर काटेरी तारेत अडकते. गळ्यातलं लोंबतं दावं कशाला तरी गुंडाळलं की संपलं. अगदीच वेळ उरला नाही तर दावं कापून सोडायचं, तेही गळ्यालगत.

शिरोळवाले दादा, गोठ्याकडे बघून वेळ ठरवू नका. गोठा कोरडा असतानाच रस्ता बंद होतो. पाहुण्यांच्या वाटेवर सगळ्यात सखल ओढा किंवा मोरी कुठली आहे ते बघा आणि तिच्यापासून उलटं मोजा. पिकअपमध्ये दोन मोठी जनावरं नीट उभी राहतात. म्हणजे तुमच्या तीन खेपा, रेडकू आईबरोबर. चढवणं, जाणं, उतरवणं, परत येणं धरून खेपेला सव्वा तास, म्हणजे पावणेचार तास. त्यात एखादी म्हैस अडून बसणार, गाडी उशिरा येणार. मी सहा तास धरीन, आणि ते उजेडातले. मोरीला पाणी लागायच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत सगळी पोचलेली हवीत.

राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. पण तुम्ही खाली आहात. नृसिंहवाडीला कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, तुंबतं. म्हणून कोयनेचा विसर्गही बघा. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे तर धरण भरलं की आपोआप उघडतात, रात्र असो की दिवस. मागच्या पुरांत तुमची मोरी बुडाली तेव्हा बंधाऱ्यावर किती फूट होतं, ते गावात विचारून लिहून ठेवा. तुमचा आकडा तो.

वैरणवाला_शिरोळ
मोरी आहे, आणि ती गोठ्याच्या बरीच आधी बुडते. हे डोक्यातच आलं नव्हतं. आता प्रश्न असा, म्हशी गाडीत चढतच नाहीत.

सुमन_दूधवाली
भाऊ, फळीवरून चढवू नका, पाय वाजला की म्हैस बिचकते. गाडीचा मागचा भाग बांधाला लावा म्हणजे पातळी एक होते. तळाला माती किंवा उसाचं पाचट टाका, ओल्या पत्र्यावर खूर घसरतो. कळपात पुढे चालणारी म्हैस पहिली चढवा. रेडकू आधी आत घेतलं तर त्याची आई मागून येते.

आणि साखळ्या काढा. जनावर मागे ओढत असलं की साखळीचा आकडा ताणलेला राहतो, हाताने निघत नाही. साखळी आणि खुंटा यांच्यामध्ये हातभर सुती दोर घाला. टोक ओढलं की सुटेल अशी गाठ मारा. शिवाय दारामागे विळा टांगलेला असू द्या.

पत्रा_आणि_पाऊस
आमच्याकडे पुराचा प्रश्न नाही, गोठा डोंगरावर आहे. विजा कडाडायला लागल्या की जनावरं पत्र्याखालून काढून आंब्याखाली बांधतो. बरोबर ना?

गोठा_आणि_गणित
उलटं करताय. झाडावर पडलेली वीज मुळांवाटे जमिनीत पसरते. जनावराच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त, त्यामुळे प्रवाह एका पायाने चढून छातीतून दुसऱ्या पायाने उतरतो. एका झाडाखाली चार-पाच जनावरं एकदम दगावतात ती यामुळे. गोठ्यातच ठेवा, फक्त लोखंडी खांब आणि तारकुंपणापासून लांब. 'दामिनी' अॅप घ्या, जवळपास वीज पडतेय का ते कळतं.

सुमन_दूधवाली
डोंगरावरच्या भाऊंना एक सांगते, डासांसाठी धुरी घालून झोपू नका. वर कडबा आणि खाली निखारा, गोठे यानेच जळतात. कडबा वेगळ्या छपरात ठेवा. आग लागली तर दारातलं जनावर आधी काढा, आणि बाहेर आलेलं लांब बांधा. मोकळं राहिलं तर ते परत आत पळतं.

वैरणवाला_शिरोळ
वैरण किती आधी पोचवू?

गोठा_आणि_गणित
मोठ्या जनावराला दिवसाला 6 किलो कडबा धरा. पाच जनावरं, दहा दिवस, म्हणजे 300 किलो. जूनमध्येच पाहुण्यांकडे टाका, पुराच्या दिवशी त्यासाठी खेप मिळणार नाही. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याआधी हवी. छावणीत गेल्यावर टोचली तर अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर पूर ओसरलेला असतो. कानातल्या बिल्ल्यांचे नंबर आणि प्रत्येक जनावराचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, पंचनाम्याला लागतात.

माळावरचा_बापू
सगळं खरं. पण दोन दिवस आधी नेली आणि पूर आलाच नाही, तर गाडीभाडं आणि आटलेलं दूध कोण देणार?

सुमन_दूधवाली
दूध कमी होतंच बापू, जागा बदलली की म्हैस पान्हा चोरते. धार काढणारा हात तोच ठेवला तर जरा लवकर सावरते. भाड्याचं मला तरी सुचत नाही. पाच-सहा घरांनी मिळून गाडी ठरवतात काही गावांत, पण मग पहिली खेप कुणाची यावर भांडण.