हातउसने: भाच्याला इंग्रजीत कसं लिहावं?

गोदाकाठ
आम्ही पाथरीकडचे. मृग तोंडावर आलाय आणि पेरणीला पैसे कमी पडतायत. वडिलांचा भाचा इंग्लंडात वाढला. त्याला मराठी ऐकून समजतं, वाचता येत नाही. वडिलांनी मजकूर सांगितला आणि इंग्रजीत करून दे म्हणाले:

‘बाळा, पेरणीला सत्तर हजाराची नड आहे. हातउसने भेटले तर बरं होईल. सोयाबीनची पट्टी आली की देऊन टाकतो. जमत असंल तरच बघ.’

मी लिहिलं, ‘आय नीड सेव्हन्टी थाउजंड रुपीज. काइंडली गिव्ह मी लोन. सॉरी फॉर ट्रबल.’ वाचून मलाच कसंतरी झालं. सुरुवात दटावल्यासारखी, शेवट हात पसरल्यासारखा. वडिलांच्या बोलण्यात दोन्ही नाही. ‘हातउसने’ला नेमका शब्द कोणता?

बीडकर
आमच्याकडं उचल म्हणतात. मुकादमाकडून घेतो, कारखान्यावर ऊस तोडून फेडतो. इंग्रजीत ॲडव्हान्स. तेच लिहा.

निवृत्त मास्तर
उचल कामापोटी असते. भाच्यानं ‘ॲडव्हान्स’ वाचलं तर कशाचा, असं विचारील.

हातउसन्याला कागद नसतो, व्याज नसतं. ओळखीवर घ्यायचे आणि हातात आले की द्यायचे. आपल्याकडच्या इंग्रजीत ‘हँड लोन’ चालतं, तिकडं ते कळणार नाही. नुसतं ‘लोन’ बँकेसारखं वाटतं. म्हणून नाम शोधत बसू नका, क्रियापद नीट निवडा. ‘गिव्ह’ म्हटलं की मागणं झालं. ‘लेन्ड’मध्ये परत देणं आधीच आलं, त्यामुळं ‘उसने’ वेगळं सांगावं लागत नाही.

दुसरं, ‘नड’ आणि ‘नीड’ कानाला जवळचे वाटले तरी फसू नका. नड म्हणजे काम कुठं अडलंय ते. ‘आय नीड’मध्ये अडलेलं काम दिसत नाही, नुसती गरज समोरच्याच्या अंगावर येते. ‘वी आर सेव्हन्टी थाउजंड रुपीज शॉर्ट फॉर द सोइंग’ लिहा. आणि ‘काइंडली’ काढाच, तो अर्जातला शब्द आहे.

गोदाकाठ
मग ‘कुड यू लेन्ड अस दॅट?’ असं?

तुळजापूरकर
‘कुड’ म्हणजे भूतकाळ. ‘कॅन यू’ बरोबर. आणि मामानं भाच्याला इतकं नमून कशाला लिहायचं?

निवृत्त मास्तर
रूप भूतकाळाचं आहे, अर्थ नाही. जेवताना मीठ मागायलाही ते लोक ‘कुड यू’ म्हणतात, त्यात नमणं नाही. जवळच्या माणसाला ‘कॅन यू’ही चालतं.

तुमचा दुसरा मुद्दा मात्र खरा आहे. ‘बाळा’, ‘बघ’, ‘देऊन टाकतो’ यांत मामापण आहे आणि इंग्रजीतलं ‘यू’ ते पुसून टाकतं. खाली सहीच्या जागी नाव न लिहिता ‘मामा’ लिहा, मोठेपण तेवढ्यानं राहतं.

लातूरची सून
माझ्या दिरांनी त्यांच्या चुलतभावाला ‘आफ्टर हार्वेस्ट’ लिहिलं होतं. त्यानं सप्टेंबर धरला. इकडं पट्टी दिवाळीनंतर आली. दोन महिने भावाभावांत अबोला. तारीख घाला.

बीडकर
तारीख घालून परतीच्या पावसात सोयाबीन भिजलं तर? मग खोटं पडायचं. ‘माल निघाला की’ हेच प्रामाणिक आहे.

निवृत्त मास्तर
‘पट्टी आली की’ यात कापणी, मळणी, आडतीवरचा भाव सगळं आलं. हे आपल्याला कळतं, त्याला कळणार नाही. म्हणून शेवटची मुदत लांबची द्या. तूर आहे का तुमच्याकडं?

गोदाकाठ
सोयाबीनमध्येच आंतरपीक आहे. जानेवारीत निघते.

निवृत्त मास्तर
मग ‘बाय द एन्ड ऑफ जानेवारी, सूनर इफ द सोयाबीन सेल्स वेल’. ‘बाय’ म्हणजे त्याच्या आत. ‘इन जानेवारी’ लिहिलंत तर आधी देण्याचा अर्थ जातो.

गोदाकाठ
सगळं जोडून असं झालं:

‘वी आर सेव्हन्टी थाउजंड रुपीज शॉर्ट फॉर द सोइंग. कुड यू लेन्ड अस दॅट? आय विल पे यू बॅक बाय द एन्ड ऑफ जानेवारी, सूनर इफ द सोयाबीन सेल्स वेल. इफ इट्स अ बॅड टाइम, जस्ट टेल मी. इट वोन्ट चेंज एनीथिंग बिटवीन अस. मामा.’

लातूरची सून
‘सॉरी’ गेलं ते फार बरं झालं. उसनं मागणं हा काही गुन्हा नाही.

तुळजापूरकर
मी अजून ‘कॅन यू’वरच आहे. घरचा माणूस आहे तो.

गोदाकाठ
वडिलांना एकेका वाक्याचा अर्थ सांगितला. ‘कुड’ त्यांना चाललं. जानेवारीवर थोडं थांबले, मग हो म्हणाले. अडले ते शेवटून दुसऱ्या वाक्यावर. म्हणाले, ‘आपल्यात काही बदलणार नाही, हे लिहायची वेळ कधी येते? काढ ते.’ मी काढलं. आता ‘जस्ट टेल मी’नंतर एकदम ‘मामा’ येतं. ते तुटक वाटतंय का?