मदत हवी आहे: हनोईचा मनोरा 15 चालींत होतो, पण भलत्याच खांबावर!

मृण्मयी_क
काल रात्रीपासून या चकत्यांच्या कोड्यात अडकले आहे: एका वेळी एकच चकती हलवायची, लहानीवर मोठी ठेवायची नाही. 15 चाली बरोबर होतात, पण मनोरा मधल्या खांबावर उभा राहतो. शिवाय 15 पेक्षा कमी का होणार नाहीत, हे लेक विचारतेय. 2^n − 1 पाठ आहे, ते नको. उद्या तिला समजावायचंय.

खडूफळा
चकत्या किती? कुठून कुठे न्यायच्या?

मृण्मयी_क
अहो, 15 म्हणजे चारच ना! डावीकडून उजवीकडे. खांब तीन.

सह्यवारा
सोपं आहे. सर्वांत लहान चकती आधी जिथे मनोरा हवा त्याच खांबावर टाका. मी तीन चकत्यांवर कायम असंच करतो.

मृण्मयी_क
तेच तर केलं!

कोडकर
हे घ्या, चालतं:
```
def h(n, a, b, c):
    if n == 0: return
    h(n-1, a, c, b)
    print(a, "->", c)
    h(n-1, b, a, c)
```

मृण्मयी_क
कोड नको हो, कारण हवंय.

खडूफळा
सह्यवारा, तुमचं विषम संख्येला बरोबर आहे, चारला नाही. ताई, उलटीकडून बघा. सर्वांत मोठी चकती उजवीकडे जायची तर तिच्या डोक्यावर काही नको आणि उजवा खांब रिकामा हवा. म्हणजे बाकीच्या तिन्ही मधल्यावरच असणार, दुसरी जागाच नाही. तीन मधल्यावर न्यायच्या तर आधी दोन उजवीकडे हव्यात, आणि त्यासाठी सर्वांत लहान मधल्यावर. म्हणून पहिली चाल मधल्या खांबावर. तुम्ही ती उजवीकडे टाकलीत, तिथेच सगळं उलटलं.

आता कमी का नाही ते. मोठी हलण्याआधी तिघी एका खांबावर गोळा व्हायलाच हव्यात आणि ती बसल्यावर त्यांना तिच्यावर चढायलाच हवं. दोन्ही वेळा तिघींचा पूर्ण प्रवास, 7 आणि 7. मधे मोठीची एक. 7 सुद्धा असेच 3+1+3.

सह्यवारा
पण मोठी दोनदा हलवून वाट कमी होत नसेल कशावरून?

खडूफळा
तिच्या पहिल्या चालीआधी 7 आणि शेवटच्या चालीनंतर 7 लागतातच. मधे कितीही फिरवा, चाली वाढतीलच.

आजोबांचा_खेळ
आमच्या लाकडी संचात चार चकत्या 9 चालींत होतात. नातवाने मोजून दाखवल्या.

खडूफळा
खांब किती आहेत त्यात?

आजोबांचा_खेळ
चार.

खडूफळा
मग बरोबर. चार खांब असले की लहान चकत्या दोन खांबांवर वाटून ठेवता येतात, तिथे वरचा युक्तिवाद तुटतो. चार खांबांचा किमान आकडा सिद्ध व्हायला 2014 उजाडलं. लुकासने कोडं काढलं 1883 मध्ये!

सह्यवारा
आणि पाच खांब?

मृण्मयी_क
धागा भरकटवू नका प्लीज. पहिली मधल्यावर टाकली, 15 व्या चालीला उजवीकडे झाला! लेक आता पाच चकत्या घेऊन बसलीये आणि पहिली उजवीकडेच टाकलीये, न सांगता. तिचा नवा प्रश्न: 15 चालींचा रस्ता एकच आहे की आणखी असू शकतो?