मदत हवी आहे: येळवशीच्या १५ सेकंदांच्या आशीर्वाद क्लिपमध्ये शेवटची ओळ कुणालाच वाचता येत नाही

औशाची_नात
नमस्कार मंडळी. आमचं गाव औसा तालुक्यात. दर येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, आजीच्या आवाजातला आशीर्वाद मी स्टेटससाठी करून देते. पुणे, हैदराबाद, संभाजीनगर असे सगळीकडं पांगलेले चुलत-मावस भाऊ तो आपापल्या स्टेटसला लावतात. आजी ८० च्या पुढं आहे, त्यामुळं यंदाची क्लिप नीट व्हावी असं मनापासून वाटतं.

मागच्या वर्षीची क्लिप १५ सेकंदांची होती. मागं हिरवी ज्वारी, त्यावर पिवळी बारीक अक्षरं, वरून झेंडूच्या पाकळ्या पडतायत, कोपऱ्यात फिरती पणती. ११ व्या सेकंदाला शेवटची ओळ: "सुखानं नांदा, तुमची आजी". लॅपटॉपवर छान दिसत होतं. मोबाईलवर मात्र पुण्याच्या भावाचा फोन आला, "ताई, शेवटी काय लिहिलं होतं गं? दिसलं अन् गेलं." आत्यानं तर "सुखान नादा" वाचलं.

यंदा आजीचं २७ सेकंदांचं बोलणं टिपलंय. ते १५ मध्ये कसं बसवू, आणि शेवटची ओळ ठळक कशी दिसेल?

जालन्याचा_गणेश
ताई, व्हॉट्सअॅप १५ सेकंदांवर कापतं, म्हणून शेवट जातो. १४ सेकंदांची करा, झालं.

फोटोवाला_नांदेड
गणेशराव, ते २०२० च्या लॉकडाऊनमधलं. तेव्हा भारतात स्टेटस १५ सेकंदांवर आणलं होतं. आता मोठा व्हिडिओही लागतो, त्यामुळं ताईंची ओळ कापली गेलेली नाही. पण १५ ची सवय मोडू नका, हे तुमचं बरोबर. लांब स्टेटस लोक बोटानं पुढं ढकलतात.

ताई, तुमच्या क्लिपमध्ये दोन वेगळे घोटाळे आहेत. पहिला वेळेचा. ओळ ११ व्या सेकंदाला येऊ लागली. हळूहळू उमटायला एक सेकंद गेला, शेवटी पडदा काळा होताना आणखी एक गेला. वाचायला दोनच राहिले. अन् स्टेटस संपलं की शेवटचं चित्र थांबत नाही, लगेच पुढच्या माणसाचं स्टेटस सुरू होतं. म्हणून शेवटची ओळ ९ व्या सेकंदाला आणा, एकदम आणा, १५ पर्यंत जागची हलवू नका. शेवटचा काळा पडदा काढूनच टाका.

दुसरा घोटाळा पाकळ्यांचा. अपलोड होताना व्हिडिओ दाबून लहान केला जातो. जे हलतं त्यालाच जास्त जागा द्यावी लागते. पाकळ्या आणि पणती १५ सेकंद हलत राहिल्या, सगळी जागा त्यांनीच खाल्ली, अक्षरांच्या वाट्याला उरलं नाही. मराठीत त्याचा मार आधी अनुस्वाराला बसतो, मग रफाराला. "नांदा"चं "नादा" तिथंच झालं. आत्यांचे डोळे ठीक आहेत.

भक्ती_डिजिटल_परभणी
माझाही असाच प्रश्न आहे. मला दुकानाच्या स्टेटससाठी पणतीची फ्रेम हवी, तीत १२ जणांचे फोटो बसले पाहिजेत. फुकट कुठं मिळेल?

फोटोवाला_नांदेड
दादा, मोबाईलच्या उंचीत १२ चेहरे म्हणजे एकेक चेहरा नखाएवढा. वेगळा धागा काढा, तिथं बोलू. इथं आजीचं बघू.

औशाची_नात
दादा, खूप आभार. पाकळ्या काढल्या. पण २७ सेकंदांतून काय काढू? आजी म्हणते तसं लिहिते: "लेकरांनो, येळवस आलीय बगा. मी सकाळी कोपीत पांडव मांडले, पूजा केली, तुमची लई आठवण आली. आंबील केलंय, भज्जी केलीय, तुम्ही असतात तर वाढलं असतं. कुठंबी राहा, पोटभर खा, एकमेकाला धरून राहा. सुखानं नांदा."

फोटोवाला_नांदेड
वाचतानाच आंबिलाचा वास आला. यातलं मधलं बोलणं गोड आहे, पण ते घरच्या ग्रुपवर पूर्ण पाठवा. स्टेटसला पहिलं आणि शेवटचं घ्या: "लेकरांनो, येळवस आलीय बगा. कुठंबी राहा, पोटभर खा, एकमेकाला धरून राहा. सुखानं नांदा." आजींच्या संथ बोलीत १०-११ सेकंद होतील. दोन वाक्यांमधला श्वास तसाच ठेवा. तो कापला तर आजी घाईत बोलल्यासारख्या वाटतात.

मांडणी अशी करा. आवाज पहिल्या अर्ध्या सेकंदात सुरू. पहिले दोन सेकंद कडब्याच्या कोपीचा नुसता फोटो, अक्षरं नाहीत. मग ९ पर्यंत बोलण्यातली एकेक ओळ. ९ ला आजींचा चेहरा आणि खाली दोनच ओळी: "सुखानं नांदा" आणि "येळवशीचा आशीर्वाद, तुमची आजी". आवाज संपल्यावर उरलेले चार सेकंद रानातला वारा पुरे. निम्मे लोक आवाज बंद करून बघतात, म्हणून आशीर्वाद कुणाचा हे अक्षरांतच आलं पाहिजे.

कॅनव्हास १०८० बाय १९२० घ्या. वरचे २५० आणि खालचे ३५० पिक्सेल मोकळे सोडा, तिथं नाव आणि उत्तराची पट्टी येते. हिरव्यावर पिवळं नको. अक्षरांमागं काळपट पट्टा, वर पांढरं जाड अक्षर, मुक्ता बोल्डसारखं.

ल_आणि_श
मुक्ता ठीक, पण आजीच्या शब्दांना तिरो देवनागरी मराठी जास्त शोभेल. त्यात ल आणि श आपल्या वळणाचे आहेत. "लेकरांनो" हिंदी वळणाच्या ल मध्ये परकं दिसतं.

फोटोवाला_नांदेड
वळण सुंदर आहे, मान्य. पण त्याच्या बारीक रेषा दाबल्यावर तुटतात. मी आधी वाचता येणं बघतो.

ल_आणि_श
मोठ्या आकारात तुटत नाहीत. दोन्ही करून बघा ताई.

औशाची_नात
दोन्ही केल्या. स्टेटसच्या गोपनीयतेत जाऊन फक्त आईच्या फोनला दिसेल असं लावलं. आवाज बंद करून, अंगणात उन्हात धरायला सांगितलं. मुक्तातली ओळ आईनं न अडखळता वाचली. तिरोतली पण वाचली, पण फोन जवळ आणून. त्यामुळं मधल्या ओळी तिरोत आणि शेवटच्या मुक्तात ठेवतेय. ल_आणि_श, तुम्हाला रुचणार नाही कदाचित.

आता एकच अडकलंय. भावांनी ग्रुपमधून उतरवून स्टेटसला लावली की ती पुन्हा पुसट होते.

फोटोवाला_नांदेड
दुसऱ्यांदा दाबली जाते ना. ग्रुपवर डॉक्युमेंट म्हणून टाका, मूळ फाइल जशीच्या तशी पोचते.

औशाची_नात
टाकली. भावांना जमलं, त्यांच्या स्टेटसला स्वच्छ दिसतेय. आत्याच्या फोनमध्ये मात्र ती गॅलरीत येतच नाही, स्टेटसला कुठून लावायची ते तिला सापडेना. तिला एचडी करून साधी पाठवली, तर अनुस्वार आहे पण फिका आहे. आत्यासारख्यांसाठी कुणी काही सोपं करतं का? अमावास्येला अजून चार दिवस आहेत.

जालन्याचा_गणेश
माझ्या आईचंही हेच व्हायले. मी तिच्या फोनमध्ये केबलनं टाकतो, पण आत्या लांब असतील तर ते कसं जमायचं?