मदत हवी आहे: आकडे बरोबर, तरी बार चार्ट फसवतोय का?

खडूफळा: उद्या सकाळी सादरीकरण आहे. ग्राहक समाधानाचे शंभरपैकी गुण, चार तिमाही: ८२, ८४, ८७, ९१. एक्सेलमध्ये बार चार्ट केला. स्लाइड मोकळी दिसावी म्हणून उभा अक्ष काढून टाकला, बारच्या डोक्यावर आकडे आहेतच. मघाशी एका सहकारी मुलीनं लांबून बघून विचारलं, "दुप्पट झाले की काय?" मी अक्षाच्या सेटिंगला हातही लावलेला नाही. मग चुकलं कुठे?

तिरकस: अक्ष शून्यापासून सुरू करा. चार्ट कुठलाही असो, शून्यच. नाहीतर ती फसवणूक.

मोजपट्टी: हात लावला नाही, तिथंच घोळ आहे. Minimum हे Auto वर असेल आणि सगळ्यात लहान-मोठ्या आकड्यांतला फरक मोठ्या आकड्याच्या साधारण सहाव्या भागाहून कमी असेल, तर एक्सेल अक्ष शून्याच्या वरून सुरू करतं. तुमचा फरक ९, आणि ९१ चा सहावा भाग १५. अक्ष परत दाखवा आणि तळाचा आकडा सांगा.

खडूफळा: ७६!

मोजपट्टी: म्हणजे पहिल्या बारची उंची ६, शेवटच्याची १५. दिसतंय अडीचपट, खरी वाढ जेमतेम ११ टक्के. डोळा आधी लांबी बघतो, आकडा मागून वाचतो. Format Axis मध्ये Minimum ला 0 टाइप करा. शेजारी Auto जाऊन Reset आलं की ते पक्कं झालं, पुढे आकडे बदलले तरी हलणार नाही. मग सरळ स्क्रीनला पट्टी लावा. शेवटचा बार १० सेंटीमीटर भरला तर पहिला ९ भरायला हवा.

तिरकस, बारसाठी तुमचं बरोबर. रेषेला ती सक्ती नाही. तापाचा आलेख शून्यापासून काढलात तर ९८ आणि १०३ एकाच ओळीत दिसतील.

आळशी_कासव: माझा तर आडवा अक्ष नडला होता. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च आणि मग थेट सप्टेंबर, सगळे सारख्या अंतरावर. शेवटी रेषा कड्यासारखी उभी! कोणाच्या लक्षातच आलं नाही.

मोजपट्टी: महिने नुसते मजकूर म्हणून भरले असणार. खऱ्या तारखा टाका आणि Axis Type मध्ये Date axis निवडा, मधली मोकळी जागा आपोआप पडते.

खडूफळा: शून्य केलं. आता साहेब म्हणतात, चारही बार सारखेच, दाखवायचं काय?

मोजपट्टी: रेषा काढा. ७६ पासून चालेल, पण अक्षावरचे आकडे पुसू नका. किंवा फक्त वाढीचे बार काढा, २, ५, ९, आणि शीर्षकातच लिहा: 'पहिल्या तिमाहीच्या ८२ पेक्षा किती गुण जास्त'.

तिरकस: म्हणजे पुन्हा साडेचारपट उंच बार! फुगवाफुगवी तीच.

मोजपट्टी: वाढ खरंच तेवढ्या पटीत आहे, पण शीर्षक न वाचणारा फसेल, हे मान्य. मी असतो तर रेषाच घेतली असती.

खडूफळा: रेषा काढतोय. साहेबांना मात्र बारच हवेत, रात्री परत फोन येणार.